अनुभवाचे महिने मोजताना

यंदा भाऊबीजेला चिंचवडला बहिणीकडे गेलो, तर ओवाळणीच्या ताटाशेजारी दोन माहितीपुस्तिका ठेवलेल्या होत्या. एक भाचीची. ती जून २०२५मध्ये मेकॅनिकलची इंजिनिअर झाली आणि जुलैपासून चाकणला नोकरी करते. तिला लंडनला 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' करायचं आहे. दुसरी माझ्या पुतण्याची. वय २८, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाच वर्षं काढलेली, पुरवठादार सांभाळण्याचं काम, वार्षिक पगार १६ लाख. त्याला परदेशात एमबीए करायचं आहे. मी बँकेत बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो, त्यामुळे घरातले असे कागद फिरत फिरत माझ्यापुढे येतात. बहिणीचा प्रश्न सरळ होता. "दादा, दोघांना मॅनेजमेंटच शिकायचंय ना? मग दोघांनी एकच काय ते का करू नये? चांगलं कुठलं?"

या दोन पदव्यांत चांगली-वाईट अशी निवड नसते, आणि बहुतेक घरांची चूक तिथेच होते. एकाच विषयाच्या या दोन वेगवेगळ्या वयांच्या पदव्या आहेत. तुम्ही कुठल्या दारातून आत जायचं, हे तुमच्या नोकरीच्या महिन्यांवर ठरतं. तो आकडा चुकीचा असेल तर उत्तम विद्यापीठ आणि भरघोस कर्जसुद्धा उपयोगी पडत नाही.

मास्टर्स इन मॅनेजमेंटला तिकडची मुलं 'मिम' म्हणतात. (एमआयएम म्हटलं की आपल्याकडे राजकीय पक्ष आठवतो, म्हणून मीही मिमच म्हणतो.) ही मूळची युरोपची चीज. पॅरिसचं एचईसी १८८१चं. फ्रान्समध्ये अशा संस्थांतून बाहेर पडलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलं थेट कंपन्यांत अधिकारी म्हणून लागत आली आहेत. जर्मनीत पूर्वी व्यवस्थापनाची सलग लांब पदवी असे. १९९९च्या बोलोन्या करारानंतर युरोपातल्या विद्यापीठांनी पदवी आणि पदव्युत्तर असे दोन तुकडे केले आणि दुसऱ्या तुकड्याला हे इंग्रजी नाव मिळालं. म्हणजे मिम ही शिक्षण सुरू असतानाच, कामाला लागण्याआधी घ्यायची पदवी आहे. वर्गातल्या मुलांचा अनुभव शून्य ते दोन वर्षं. तिथे हिशेब, बाजारपेठ, वित्त, संघटन हे सगळं मुळापासून शिकवतात.

एमबीए अमेरिकेतली. हार्वर्डने ती १९०८मध्ये सुरू केली. तिथे शिकवण्याची मुख्य पद्धत प्रकरणांवरच्या चर्चेची. एका कंपनीची खरी अडचण वीसेक पानांत मांडलेली असते आणि प्राध्यापक विचारतो, "तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?" तिथे निम्मं शिक्षण शेजारच्या बाकावरून होतं. ज्याने संप हाताळलाय, ज्याचा पुरवठादार ऐन हंगामात बुडालाय, तो बोलतो. एकही दिवस नोकरी न केलेल्या मुलाकडे त्या वर्गात सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून या संस्था चार ते सहा वर्षांचा अनुभव असलेली माणसं घेतात. आपल्याकडे हे पटकन गळी उतरत नाही, कारण आयआयएममध्ये पदवीनंतर लगेच जाणारी मुलं आपण पाहतो. तिथली दोन वर्षांची पदवी वयाच्या हिशेबाने पाहिली तर युरोपातल्या मिमच्या जवळची आहे. म्हणून फायनान्शियल टाइम्स २००५पासून मिमची जी क्रमवारी काढतं, तिच्यात आपल्या आयआयएम दिसतात.

नोकरी देणाऱ्या कंपन्यांची दोन दारंही तशीच वेगळी असतात. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत पदवीधर किंवा मिमवाला 'बिझनेस अॅनालिस्ट' म्हणून लागतो आणि एमबीएवाला 'असोसिएट' म्हणून. अॅनालिस्ट दोन-तीन वर्षांत चांगला ठरला तर तोही असोसिएट होतो. मिमवाला त्या खुर्चीवर कंपनीच्या पैशाने पोहोचतो, एमबीएवाला स्वतःच्या कर्जाने. पण एमबीएवाल्याला आधीचा धंदा, देश आणि कामाचं स्वरूप बदलण्याची एक संधी मिळते आणि ती फी त्या संधीची असते. ज्याला काही बदलायचंच नाही त्याने ती भरण्यात अर्थ नाही.

आता भाचीचे महिने मोजू. जुलै २०२५ ते सप्टेंबर २०२६ म्हणजे १४ महिने. मिमसाठी उत्तम. त्यापुढच्या सप्टेंबरमध्ये २६ महिने होतात आणि लंडन बिझनेस स्कूलसारख्या ठिकाणी ती मर्यादेच्या काठाबाहेर जाते. महिने मोजायचे ते अर्ज करताना नाहीत, अभ्यासक्रम सुरू होताना. कॉलेजातली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. ज्यांना "अजून एक वर्ष नोकरी करू, पैसे साठवू, मग जाऊ" असं वाटतं, ते नेमके अडीच-तीन वर्षांवर येऊन अडकतात. मिमला ते थोराड आणि एमबीएला कोवळे. अशी मुलं टेबलापलीकडे बसली की वाईट वाटायचं, कारण मग चांगल्या संस्थेने नाकारलं म्हणून ती कुठल्या तरी दुय्यम एमबीएला फी भरून जात, आणि ती फी काही दुय्यम नसे.

एक दार मात्र तिचं आधीच बंद झालं होतं. हार्वर्डची '२+२' नावाची सोय आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात अर्ज करायचा, जागा आत्ताच पक्की होते, मग दोन ते चार वर्षं नोकरी करून एमबीएला यायचं. येल, व्हार्टन, स्टॅनफर्डलाही अशाच योजना आहेत. अंतिम वर्षाच्या हुशार मुलांना एमबीएचा हा सगळ्यांत निर्धास्त रस्ता, पण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कॅन्टीनमध्ये तो कुणाला माहीत नसतो. भाची पूर्णवेळ नोकरीला लागली आणि ती त्यातून बाद झाली.

तिच्या पुस्तिकेचा हिशेब आम्ही तिथेच फराळाच्या टेबलावर मांडला. लंडनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, फी ३५ हजार पौंड, राहणं-खाणं-प्रवास १५ हजार. एक पौंड ११५ रुपये धरला तर साडेसत्तावन्न लाख. साडेसात लाख घरचे, ५० लाख कर्ज, व्याज साडेदहा टक्के. शिकत असताना आणि नंतर सहा महिने हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं. दीड वर्षात ते सात-आठ लाख होतं, कारण बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते. आपण सात धरले. मग मुद्दल झालं ५७ लाख आणि दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण ७७ हजार. हप्ता न भरण्याच्या काळाला लोक 'मोरॅटोरियम आहे, काळजी नाही' म्हणतात. त्या शब्दाने किती घरं गाफील राहिलेली पाहिली आहेत! ज्यांना जमतं त्यांनी त्या काळात निदान व्याज तरी भरत राहावं.

समजा, तिथे ३५ हजार पौंडांची नोकरी लागली. आयकर आणि विमा कापून हातात महिना सुमारे २,४०० पौंड. सामायिक घरात खोली ९५०, वीज-पाणी-नगरपालिका कर १५०, प्रवास १८०, किराणा अडीचशे, फोन-कपडे-इतर दीडशे. उरले सातशेच्या आसपास. ७७ हजारांचा हप्ता म्हणजे ६७० पौंड. उरले चाळीस-पन्नास. म्हणजे हिशेब बसतो, पण भाचीला दात काढावा लागला तर बसत नाही.

इथवर बहिणीचा चेहरा बरा होता. मग व्हिसाचं पान उलटलं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला पूर्वी दोन वर्षं मिळत. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत १८ महिने केली आहे. भाची २०२६मध्ये गेली तर अभ्यासक्रम २०२७च्या शरदात संपेल, म्हणजे तिला १८ महिनेच. या परवान्याचं शुल्क आणि आरोग्य अधिभार मिळून दोन हजार पौंडांच्या पुढे जातं, ते वेगळं. त्यानंतर तिथेच राहायचं तर कंपनीने नोकरीचा व्हिसा पुरस्कृत करावा लागतो. जुलै २०२५पासून त्यासाठी किमान पगार ४१,७०० पौंड आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांना सवलतीत ३३,४०० चालतो. तिचे ३५ हजार या सवलतीत बसतात. मात्र सवलतीची एकूण मर्यादा चार वर्षं आणि नोकरी शोधण्याचे ते १८ महिने त्यातूनच वजा होतात. उरतात अडीच वर्षं. तोवर पगार पूर्ण मर्यादेवर पोहोचला पाहिजे, नाही तर बोरिवलीच्या लोकलसारखं चढलेलं माणूस पुढच्या स्टेशनवर उतरवलं जातं.

उतरलं तर काय? समजा, ती परत आली आणि पुण्यात १२ लाखांची नोकरी लागली. हातात महिना ऐंशी-नव्वद हजार, आणि हप्ता ७७ हजार. म्हणून मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारायचो, की हप्ता कुठल्या चलनातल्या पगारातून फेडणार? पौंडात घेतलेलं शिक्षण रुपयांतून फेडायचं ठरलं तर एका वर्षाची मिम बहुतेकांना झेपत नाही. पुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं. तिच्यात 'सरासरी पगार' असतो.

त्या सरासरी पगाराबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण घराघरांत तो आकडा बोट ठेवून दाखवला जातो. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणारा पगार डॉलरमध्ये असतो. पण ते डॉलर बँकेतले नसतात. वेगवेगळ्या देशांत एका रकमेत किती माल येतो, ते पाहून आकडा जुळवलेला असतो. त्यामुळे भारतातल्या संस्थांचे पगार त्या यादीत पाहून आपल्याला चक्कर येते आणि परदेशी संस्था मात्र तितक्या चमकत नाहीत. तुलनेसाठी ही पद्धत योग्य आहे, पण कर्जाचा हप्ता असे जुळवलेले डॉलर घेत नाही. दुसरं असं की संस्था जो आकडा देतात तो बहुधा 'नोकरी शोधणाऱ्यांपैकी' किती जणांना मिळाली, असा असतो. स्वतःचा व्यवसाय सुरू करणारे, ज्यांना कंपनीनेच पाठवलं होतं ते, यांना त्यातून वगळतात. संस्थेच्या प्लेसमेंट अहवालात सगळ्यांत आधी तळटीप वाचावी आणि छेदात कोण कोण आहे ते पाहावं. भारतीय विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे मिळत असतील तर तेच मागावेत. स्थानिक नागरिक आणि व्हिसा लागणारा माणूस यांच्यातला फरक सरासरीत विरघळून जातो.

जर्मनीचा विषय भाचीनेच काढला. "मामा, तिथे तर फुकट शिकवतात ना?" बरंचसं खरं आहे, सगळं नाही. मॅनहाइमचं सरकारी विद्यापीठ मॅनेजमेंटसाठी नावाजलेलं आहे आणि ते ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो लागतात. चार सत्रांचे सहा हजार. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला ११,९०४ युरो जर्मन खात्यात आधी अडकवून ठेवावे लागतात आणि ते दरमहा सुटतात. दोन वर्षांचा एकूण खर्च तीस हजार युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांचा धरला तर तीस लाख. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. लंडनच्या निम्म्यात काम झालं, असं वाटावं.

पण मॅनहाइमच्या मिमला व्यवसाय-व्यवस्थापन विषयांचे किमान ३६ युरोपीय श्रेयांक पदवीत हवेत. मेकॅनिकलच्या गुणपत्रिकेत औद्योगिक अर्थशास्त्राचा एखादा पेपर असतो, त्यातून एवढे जमत नाहीत. आमच्या भाचीचा अर्ज तिथे उघडलाही जाणार नाही. बीकॉम, बीबीए झालेल्या मुलांना ही अट सहज जमते. इंजिनिअरांसाठी म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने याच नावाची वेगळी पदवी ठेवली आहे, ती बिगर-वाणिज्य पदवीधरांसाठीच आहे. फक्त म्युनिकने २०२४च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, पदव्युत्तर पदव्यांना सत्राला चार ते सहा हजार युरो. तरीही लंडनपेक्षा स्वस्त. शिवाय भारतीयांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस या कार्यालयाकडून कागदपत्रांची पडताळणी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्जाआधी तिथे नाव नोंदवावं. आणि भाषा. वर्ग इंग्रजीत असतात, पण म्युनिकच्या बाहेर मध्यम आकाराच्या कारखान्यात, जिथे खरं तर मेकॅनिकल इंजिनिअर हवा असतो, तिथे जेवणाच्या सुट्टीत जर्मन बोलतात. भाषेचा वर्ग इथूनच सुरू केलेला बरा, तिकडे गेल्यावर दोन वर्षं बघता बघता सरतात.

भाचीला मी अमेरिकेचा मिम नको म्हणालो. तिथे कंपन्या पदवीच्या वर्गात जातात आणि एमबीएच्या वर्गात जातात. मधल्या पदवीला काय पद द्यायचं हे तिथल्या बऱ्याच भरती करणाऱ्यांना अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्याउलट पॅरिस, सांक्ट गालेन, मॅनहाइमला कंपन्यांकडे त्यासाठी ठरलेली पदं असतात.

आता पुतण्या. त्याचं प्रकरण निराळं आहे, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट आहे. २०२१मध्ये चिपचा तुटवडा असताना त्याच्या कारखान्यात एका भागाचा साठा तीन दिवसांवर आला होता. त्याने दोन पुरवठादारांकडे रात्री मुक्काम करून लाइन चालू ठेवली. निबंधात हे लिहायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. तो 'नेतृत्वगुण' वगैरे लिहून बसला होता. प्रवेश समितीला ती रात्र हवी असते. कुणाला फोन केला, कुणी नाही म्हटलं, तू काय पणाला लावलंस.

त्याला अमेरिका हवी होती. तिथल्या वरच्या फळीतल्या संस्थांची दोन वर्षांची फीच दीड लाख डॉलरच्या पुढे जाते. राहणं धरून दोन लाखांच्या वर, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास. वर दोन वर्षांचा बुडालेला पगार. मिळकतही तशीच असते. हार्वर्डच्या २०२४च्या तुकडीचा मध्यक मूळ पगार १,७५,००० डॉलर होता. पण त्याच तुकडीत नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के जणांकडे पदवीनंतर तीन महिन्यांनीही नोकरी नव्हती. हार्वर्डची ही गत असेल तर पन्नासाव्या क्रमांकाच्या संस्थेचा विचार करताना हात आखडता घ्यावा.

अमेरिकेत आणखी एक गाठ आहे. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. अभ्यासक्रम जर सरकारी वर्गवारीत विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटात नोंदवलेला असेल तर आणखी दोन वर्षं मिळतात. अनेक संस्थांनी एमबीएचा काही भाग किंवा पूर्ण एमबीए त्या गटात नोंदवून घेतला आहे, काहींनी नाही. एक वर्ष आणि तीन वर्षं यांत फरक एवढाच की एच-१बी व्हिसाच्या सोडतीत तुमची चिठ्ठी एकदा पडते की तीनदा. वर्षाला जागा ६५ हजार, अमेरिकी पदव्युत्तरांसाठी आणखी २० हजार. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. अमेरिकेत शिकून तिथेच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा पुढे झाला. पण धोरण रातोरात बदलू शकतं हे त्या एका आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून पुतण्यासाठी आम्ही युरोपातला एक वर्षाचा एमबीए मांडला. फ्रान्समधल्या इन्सेआदने ही छोट्या एमबीएची पद्धत रूढ केली, त्यांचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आहे. फी आणि राहणं मिळून एक कोटी तीस लाख धरू. शिष्यवृत्ती २० लाख मिळाली, स्वतःचे साठवलेले २० लाख घातले, उरले ९० लाख. एवढ्या रकमेला बँक तारण मागते. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या भावाची, निगडीची सदनिका. व्याज दहा टक्के, दीड वर्षाचं व्याज मिळवून एक कोटी साडेतीन लाख. दहा वर्षांचा हप्ता महिना एक लाख सदतीस हजार.

तो पदवी घेऊन मुंबईला परतला आणि ४० लाखांची नोकरी लागली असं समजू. कर जाऊन हातात महिना दोन लाख साठ हजारांच्या आसपास. हप्ता गेला की उरले सव्वा लाख. आज १६ लाखांच्या पगारात त्याच्या हातात किती येतात? साधारण तेवढेच. मी हा आकडा कागदावर दोनदा केला. एमबीए करून, पगार अडीचपट होऊन, दहा वर्षं तो आज जेवढ्यात राहतो तेवढ्यातच राहणार. पगार दरवर्षी वाढेल हे खरं, पण चाकणलाही तो वाढलाच असता.

तोच जर जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये ९० हजार युरोंवर लागला तर कर आणि राहणं जाऊन महिना दोन लाख तीस हजार बाजूला पडतील आणि कर्ज पावणेपाच वर्षांत फिटेल. त्यानंतर परत आला तरी हरकत नाही. म्हणजे एमबीएचा परतावा पदवीनंतरची पहिली पाच वर्षं कुठे काढता यावर ठरतो. आणि तिथे राहायला मिळण्याची शक्यता कशी वाढवायची? भरती करणारे लोक सांगतात की देश, धंदा आणि कामाचं स्वरूप, या तिन्ही गोष्टी एका दमात बदलायला जाणाऱ्याची दमछाक होते. पुतण्याला गुंतवणूक बँकिंग करायचं होतं. वाहन उद्योग सोडायचा, पुरवठासाखळी सोडायची, भारत सोडायचा. मी म्हटलं, "अरे, एक सोड, फार तर दोन सोड. तिन्ही सोडलंस तर तुझ्या पाच वर्षांचं काय करणार ते लोक?" त्याचा अनुभव वाहनांचा असेल तर स्टुटगार्ट, आइंडहोवन इथल्या कंपन्यांना त्याची किंमत आहे. लंडनच्या बँकेला चाकणची काय किंमत?

त्याला खरं तर पुरवठासाखळीतच राहायचं असेल, तर मग एमबीएच कशाला, हा प्रश्नही उरतो. एमआयटीत याच विषयाची दहा महिन्यांची पदव्युत्तर पदवी आहे आणि तिचा पहिला भाग घरी बसून ऑनलाइन अभ्यासक्रमांतून पुरा करता येतो, मग तिथे एकच सत्र राहावं लागतं. अशा विशेष पदव्यांत अनुभवी माणसालाही जागा असते. त्याने ते पान बाजूला काढून ठेवलं, पण त्याचा जीव एमबीएवर आहे आणि ते मला दिसतंय.

कर्जाच्या बाबतीत दोन गोष्टी त्याला लिहून दिल्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे पाठवले तर उगमावर गोळा होणारा कर लागत नाही. घरच्या खात्यातून वर्षात दहा लाखांच्या वर पाठवले तर लागतो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. आणि व्याजावरची करसवलत आठ वर्षं मिळते, फक्त जुनी करपद्धती निवडली तरच. शिवाय मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटकडे अर्ज करायला सांगितलं. १८९२पासून ही संस्था परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. रक्कम मोठी नसते, पण इथे नाव लागलं की इतर दारं जरा सोपी होतात.

निघताना बहिणीने पुस्तिका कुणी दिल्या ते सांगितलं. एका सल्ला केंद्राने, आणि तेही फुकट. ब्रिटन आणि आयर्लंडमधली पुष्कळ विद्यापीठं विद्यार्थ्यामागे दलालांना कमिशन देतात. त्यामुळे त्यांच्या यादीत अशीच विद्यापीठं वर येतात आणि मॅनहाइमसारखं सरकारी विद्यापीठ यादीत नसतंच. माझ्या एका मित्राच्या मुलीला अशाच एका केंद्राने दुसऱ्या विद्यापीठाचा देकार लपवून पहिल्याची अनामत भरायला लावली होती. सल्ला घ्यावा, फक्त पैसे कोण देतंय ते आधी विचारावं.

पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात भाची मागून आली. हातात फोन, त्यावर तिने कॅलेंडर उघडलं होतं. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात हे तिने शोधून काढलं होतं. आत्ता परीक्षा दिली तर मिमलाही तेच आणि तिकडे नाही जमलं तर २०३०च्या एमबीएलाही तेच. डिसेंबरची तारीख तिने धरून ठेवली होती.

"मामा, पण एक विचारू? थर्ड इयरला मी दोन महिने भोसरीत काम केलं होतं, ते धरायचं का महिन्यांत?"

"नाही," म्हटलं. "ते नाही धरत."

"मग चौदाच," ती म्हणाली, आणि फोनवर काहीतरी खोडलं.